दुखत नाही म्हणून मॉर्फिनची गोळी चुकवू नका
(आमच्याकडून घरपोच शुश्रूषा घेणाऱ्या कुटुंबांसाठी माहितीपत्रक)

शेवटच्या टप्प्यातल्या कॅन्सरच्या पेशंटला मॉर्फिन सुरू झालं की दोन-तीन दिवसांत फोन येतो. प्रश्न बहुतेक एकच: "ही अफूची गोळी ना? बाबांना आदत लागली तर?" विचारता ते बरंच करता. अडचण होते ती न विचारता घरच्या घरी गोळ्या कमी केल्या जातात तेव्हा. रात्री अकराला आमच्या सिस्टर वीस-पंचवीस किलोमीटरवरून धावत येतात, आणि डबी मोजली की तिच्यात दोन गोळ्या जास्त निघतात. म्हणून हा कागद. औषधपेटीतच ठेवा.

होय, मॉर्फिन अफूपासूनच बनतं. आपल्याच देशात मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेशात सरकारी परवान्यावर अफूची शेती होते आणि तिच्यापासून हे औषध तयार होतं. 1985च्या अमली पदार्थ कायद्यामुळे ते प्रत्येक मेडिकलात मिळत नाही. 2014च्या दुरुस्तीनंतर मान्यता मिळालेल्या दवाखान्यातून, डॉक्टरांच्या चिठ्ठीवर ते कायदेशीरपणे मिळतं. चिठ्ठी आणि फाइल सोबत असेल तर एसटीत गोळ्या घेऊन बसायला घाबरू नका. आम्ही स्वतः मॉर्फिन विकत नाही. डॉक्टरांनी लिहिलेलं वेळेवर, मोजून आणि नोंद ठेवून दिलं जातंय की नाही हे बघणं आमचं काम.

घड्याळ आणि गोळी

साधी मॉर्फिनची गोळी पोटात गेल्यावर अर्ध्या तासात लागू पडायला लागते, तासाभरात तिचा जोर पूर्ण येतो आणि चार तासांत ओसरतो. म्हणून वेळा अशा असतात: सकाळी 6, 10, दुपारी 2, संध्याकाळी 6, आणि रात्री 10 वाजता दुप्पट, म्हणजे मध्यरात्री 2 वाजता कोणाला उठवावं लागत नाही. दुखणं परत डोकं वर काढायच्या आधी पुढची गोळी पोटात गेली पाहिजे, एवढाच हिशेब आहे. (लांब असर असणारी, दिवसातून दोनदा घ्यायची गोळी लिहिली असेल तर वेळा वेगळ्या असतात. आम्ही दिलेला तक्ता पाहा.)

आता नेहमी होणारी चूक पाहा. समजा साठीतले कास्तकार आहेत, खर्ऱ्यामुळे झालेला तोंडाचा कॅन्सर जबड्यात आणि मानेत उतरलेला. डोस दर चार तासांनी 10 मिलिग्रॅम. दिवसाचे 10, 10, 10, 10 आणि रात्रीचे 20, एकूण 60 मिलिग्रॅम. (आकडे उदाहरणाचे आहेत. तुमच्या पेशंटचा डोस चिठ्ठीत आहे तोच.) सकाळी सहाची गोळी दिली. दहा वाजता बाबा शांत झोपलेत, सुनेला उठवावंसं वाटलं नाही. दोन वाजता ते म्हणाले, "थोडंच दुखते," म्हणून मुलानं गोळी वाचवली. साडेतीनला दुखणं उफाळलं. साडेचारला एक गोळी दिली, ती पुरली नाही. साडेपाचला दुसरी दिली. रात्री दहाच्या दोन गोळ्या झाल्या तरी ते कण्हतच होते.

दुसऱ्या दिवशी घरात बोलणं होतं: "पाहा, आधी एका गोळीत भागत होतं, आता तासात दोन लागतात. घड्याळाकडे बघत बसतात. आदतच लागली!"

बेरीज करा. सहाचे 10, साडेचारचे 10, साडेपाचचे 10, रात्रीचे 20. पन्नास झाले. म्हणजे रोजच्यापेक्षा औषध कमी गेलं, दुखणं जास्त झालं, आणि वर व्यसनाचा ठपकाही आला. चढलेलं दुखणं उतरवायला जेवढं औषध लागतं, तेवढं ते न चढू द्यायला लागत नाही. आणि गोळी मिळेल की नाही याची खात्री नसलेला माणूस घड्याळाकडे बघणारच. वेळेवर गोळी मिळू लागली की हे बघणं आपोआप थांबतं. खऱ्या व्यसनात तसं होत नाही.

म्हणून दहा वाजता पेशंट झोपला असला तरी हळू आवाज द्या. डोळे उघडून ओळख दाखवली, दोन शब्द बोलला, की बसवून गोळी द्या. हाक मारूनही नीट जागा होत नसेल तर मात्र गोळी देऊ नका, आधी आम्हाला फोन करा.

मधेच दुखलं तर

चिठ्ठीत "जादा गोळी" लिहिलेली असते. बहुतेक वेळा ती एका वेळच्या डोसाएवढीच, म्हणजे वरच्या उदाहरणात 10 मिलिग्रॅम. ती दिली म्हणून पुढची ठरलेली गोळी टाळायची नाही. दोन जादा गोळ्यांत किमान एक तास जाऊ द्या. प्रत्येक जादा गोळीची वेळ आमच्या वहीत लिहा. ही वही लोकांना कटकट वाटते, पण डॉक्टर डोस ठरवतात तो तिच्यावरूनच. दिवसभरात तीन जादा गोळ्या लागल्या तर 60 अधिक 30, म्हणजे 90 मिलिग्रॅम झाले. त्याला सहानं भागलं की 15. पेशंट नीट जागा असेल, लघवी होत असेल, तर पुढचा डोस दर चार तासांनी दीड गोळी आणि रात्री तीन, असा ठरू शकतो. तो डॉक्टरांनी ठरवायचा. नोंद नसेल तर त्यांना अंदाजच करावा लागतो आणि तुम्हाला तालुक्याची एक चक्कर जास्त पडते.

आदत आणि सवय

काही आठवडे मॉर्फिन घेतलं की शरीराला त्याची सवय होते. एकदम बंद केलं तर घाम, जांभया, नाक गळणं, पोटात मुरडा, जुलाब, जीव घाबरा होणं, असा त्रास होतो. अशी सवय प्रेशरच्या काही गोळ्यांची आणि स्टेरॉइडचीही होते, त्याला कोणी व्यसन म्हणत नाही. रेडिएशननंतर दुखणं कमी झालं तर डॉक्टर डोस टप्प्याटप्प्यानं उतरवतात आणि तो बिनबोभाट उतरतो. व्यसन म्हणजे दुखत नसतानाही ओढ, चोरून घेणं, नुकसान दिसूनही न थांबणं. दुखण्यासाठी वेळेवर, मोजून औषध घेणाऱ्या या अवस्थेतल्या पेशंटमध्ये ते क्वचितच दिसतं.

पण ज्यांना आधीपासून दारूची सवय आहे त्यांच्याबाबत आम्हाला स्पष्ट सांगा. आम्ही कोणाला बोलत नाही. अशा पेशंटलाही दुखतं आणि त्यालाही मॉर्फिन द्यायचंच असतं. फक्त डबी एकाच माणसाच्या ताब्यात राहते आणि आमच्या फेऱ्या जवळ-जवळ ठेवाव्या लागतात. मॉर्फिन चालू असताना दारू किंवा स्वतःच्या मनानं दिलेली झोपेची गोळी चालणार नाही. श्वास मंदावतो तो अशा मिसळीनं.

पहिला आठवडा

पहिले तीन-चार दिवस पेशंट खूप झोपतो. बऱ्याचदा ती महिनोन्महिन्यांची उरलेली झोप असते. मळमळ आठवडाभरात जाते, तोवर उलटीची गोळी मॉर्फिनच्या अर्धा तास आधी द्या. बद्धकोष्ठता मात्र जात नाही. मॉर्फिन असेपर्यंत जुलाबाची गोळी रोज रात्री, डॉक्टरांनी लिहिली तेवढी, संडास साफ होत असली तरीही. नुसत्या इसबगोलावर राहू नका. पेशंट पाणी कमी पीत असेल तर त्याचा गोळा आतच घट्ट बसतो. तीन दिवस संडास झाली नाही तर चौथ्या दिवसाची वाट पाहू नका.

तोंडाच्या कॅन्सरमध्ये बऱ्याचदा नाकातून नळी असते. साधी गोळी बारीक करून पाण्यात विरघळवून नळीतून देता येते, नंतर पाणी सोडून नळी धुवा. लांब असर असणारी गोळी मात्र कधीही कुटू नका, कारण बारा तासांचं औषध एकदम अंगात जातं. कोणती गोळी कोणती हे आमच्या सिस्टर पट्टीवर स्केचपेननं लिहून देतात, ते पुसू देऊ नका.

हे दिसलं तर रात्रीसुद्धा फोन करा: हाक मारून, हलवूनही जाग येत नाही, मिनिटाला आठपेक्षा कमी श्वास (पोटावर हात ठेवून पूर्ण मिनिट मोजा), हातापायांना झटके आणि असंबद्ध बोलणं, दिवसभर लघवी नाही. मॉर्फिनचे उरलेले अंश मूत्रपिंडातून बाहेर जातात. मूत्रपिंड थकलं की नेहमीचाच डोस जड होतो. म्हणूनच गावात मिळणारं दुखण्याचं इंजेक्शन आम्हाला न विचारता देऊ नका, असं आम्ही वारंवार सांगतो. डायक्लोफेनॅकसारखं इंजेक्शन कमी खाणाऱ्या, कमी पाणी पिणाऱ्या पेशंटच्या मूत्रपिंडावरच येतं. त्यात आमचा धंद्याचा स्वार्थ आहे असं काहींना वाटतं. इलाज नाही.

शेवटच्या दिवसांत झोप वाढते, श्वास थांबून-थांबून येतो, गिळता येत नाही. हे आजाराचं चाललेलं असतं. डोस नीट वाढवत नेलेला असेल तर ते गोळीमुळे होत नाही. अशा वेळी तोंडात गोळी कोंबू नका, ठसका लागतो. पण औषधही एकदम तोडू नका. आम्ही त्वचेखाली बारीक सुई बसवून डॉक्टरांच्या सांगण्यावरून तेच औषध देतो. सुईचा डोस तोंडाच्या साधारण निम्मा असतो, म्हणून आकडा कमी दिसला तरी घाबरू नका. पहिल्या आठवड्याच्या दोन फेऱ्या आणि सुई बसवणं आमच्या ठरलेल्या शुल्कातच येतं, वेगळे पैसे नाहीत.

गोळ्या मोजतो तेव्हा राग मानू नका

प्रत्येक फेरीत आम्ही डबी मोजतो आणि रिकाम्या पट्ट्या मागतो. हा तुमच्यावरचा अविश्वास नाही. दवाखान्याला प्रत्येक गोळीचा हिशेब द्यावा लागतो, आणि डोस चुकतोय हेही आम्हाला तिथंच कळतं. डबी कुलपात ठेवा, लेकरांच्या हाती लागू देऊ नका. शेजारच्या काकांची कंबर कितीही दुखत असली तरी यातली एकही गोळी त्यांना द्यायची नाही. ज्याच्या शरीराला सवय नाही त्याला हाच डोस जिवावर बेतू शकतो.

उरलेल्या गोळ्या उकिरड्यावर किंवा विहिरीत टाकू नका. पेशंट गेल्यानंतर लगेच धावपळ करायची गरज नाही. डबी कुलपातच राहू द्या. तेरवीनंतर आमच्या सिस्टर येतील, तुमच्यासमोर मोजून सही घेतील आणि दवाखान्यात जमा करून पावती आणून देतील.