एनएमएमएसचं परिपत्रक : फॉर्म भरण्याआधी काय वाचायचं

आठवीतल्या मुलांसाठी पुण्याची राज्य परीक्षा परिषद दरवर्षी ही परीक्षा घेते. पूर्ण नाव राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक विद्यार्थी शिष्यवृत्ती योजना परीक्षा. निवड झाली तर नववी ते बारावी महिन्याला 1,000 रुपये, म्हणजे वर्षाला 12,000. परिपत्रकात सगळं लिहिलेलं असतं, पण पालक बहुतेक वेळा तारीख तेवढी बघतात.

आधी शाळा बघा. शासकीय, जिल्हा परिषद-नगरपालिकेच्या किंवा अनुदानित शाळेतलंच मूल बसू शकतं. विनाअनुदानित शाळा, नवोदय, केंद्रीय विद्यालय, सैनिकी शाळा यांतली मुलं चालत नाहीत, घरची परिस्थिती कितीही बेताची असो. एकाच संस्थेची एक तुकडी अनुदानित आणि दुसरी विनाअनुदानित असते, तिथे आपलं मूल कुठल्या तुकडीत आहे हे मुख्याध्यापकांना स्पष्ट विचारून घ्या.

मग सातवीचे गुण. किमान 55 टक्के लागतात, अनुसूचित जाती-जमातीसाठी 50. गोची श्रेणीत आहे. प्रगतिपुस्तकावर नुसतं ‘क-1’ असेल तर ती श्रेणी 51 ते 60 टक्क्यांना मिळते, म्हणजे 52 वालाही त्यात आणि 58 वालाही. शाळेच्या निकालपत्रकातून टक्के काढून घ्या.

उत्पन्नाची मर्यादा साडेतीन लाख, आणि ती आई-वडील दोघांची मिळून. चूक इथेच जास्त होते. समजा तासगावकडचं एक घर आहे. वडील साखर कारखान्यात, वर्षाला 2,40,000. आई शिवणकाम करते, 84,000. बेरीज 3,24,000, म्हणजे मुलगी बसते. पण शेतीचे 40,000 धरायचे राहिले असतील तर आकडा 3,64,000 होतो आणि ती बाहेर जाते. नोकरदार पालकांना आस्थापना प्रमुखाचा दाखला, बाकीच्यांना तहसीलदारांचा. दाखल्यावरची तारीख कालची असून भागत नाही. परिपत्रकात जे आर्थिक वर्ष दिलंय, त्याच वर्षाचं उत्पन्न आत लिहिलेलं हवं. तो मुख्याध्यापकांकडे द्यायचा आणि एक झेरॉक्स घरी ठेवायची, पुढे लागते.

फॉर्म शाळाच आपल्या लॉगिनवरून भरते, पालकांनी सायबर कॅफेत जायची गरज नाही. त्यामुळे ‘अंतिम तारीख’ म्हणजे शाळेची अंतिम तारीख. नियमित, विलंब आणि अतिविलंब अशा मुदती असतात आणि शुल्क वाढत जातं. कागद आठ दिवस आधी शाळेत पोहोचवा. फॉर्मवरचं नाव, प्रवर्ग आणि माध्यम सही करण्याआधी स्वतः वाचा. माध्यमाचा रकाना क्षुल्लक समजू नका: जतकडच्या कन्नड शाळेतल्या मुलाच्या फॉर्मवर सवयीने मराठी पडलं, तर प्रश्नपत्रिका मराठीच हातात येईल.

पेपर दोन, बौद्धिक क्षमता चाचणी आणि शालेय क्षमता चाचणी. प्रत्येकी 90 गुण, 90 मिनिटं. उत्तीर्ण व्हायला प्रत्येक पेपरात वेगवेगळे 40 टक्के, म्हणजे 36 गुण. अनुसूचित जाती-जमाती आणि दिव्यांगांना 32 टक्के. बुद्धिमत्तेत 60 आणि शालेयमध्ये 34 पडले तर बेरीज 94 होऊनही खुल्या प्रवर्गातलं मूल नापास.

आणि पास म्हणजे निवड नव्हे. राज्याचा कोटा 11,682. तो आधी जिल्ह्यांत वाटला जातो, मग प्रवर्गांत. म्हणून सातारच्या मुलाची गुणवत्ता यादी सांगलीच्या मुलाशी ताडून काही कळत नाही. पास होऊन कोट्यात न बसलेल्या मराठा, कुणबी, मराठा-कुणबी मुलांसाठी सारथी या राज्य शासनाच्या संस्थेची वेगळी शिष्यवृत्ती आहे, महिन्याला 800 रुपये. आपल्या भागात ती अनेकांच्या कामाची आहे, तेव्हा निवड यादीत नाव नाही म्हणून निकालाचा कागद फेकू नका.

निवड झालेल्यांची खरी गळती पुढच्या टप्प्यावर होते. यादीत नाव आल्यावर नववीत scholarships.gov.in वर वेगळा अर्ज करावा लागतो आणि त्याची तारीख परीक्षेच्या परिपत्रकात नसते. अर्ज आधी शाळा तपासते, मग जिल्हा पातळीवर तपासणी होते. शाळेने मुदतीत पडताळणी केली नाही तर तिथेच अडकतो. पैसे मुलाच्या नावावरच्या, आधार जोडलेल्या खात्यात येतात. ‘आधार लिंक आहे’ एवढ्यावर समाधान मानू नका. बँकेत विचारा, डीबीटीसाठी, म्हणजे सरकारी पैसे थेट याच खात्यात पडावेत यासाठी, सीडिंग झालंय का. आधारवर ‘सुरज’ आणि शाळेत ‘सूरज’ असं असेल तर ते आठवीतच दुरुस्त करून घ्या.

दहावी, अकरावी, बारावीत नूतनीकरणाचा अर्ज दरवर्षी. त्यात दहावीला 60 टक्के हवेत, अनुसूचित जाती-जमातीला 55. नववीत पहिला हप्ता आला म्हणून चार वर्षांची खात्री झाली, असं धरून चालणाऱ्या घरांचे पैसे अकरावीत थांबतात.