डोंगरात कुणी जखमी झालं तर मदतीला जागा कशी सांगाल

गोव्याच्या सत्तरी तालुक्यातल्या डोंगरांत आमच्याबरोबर येणाऱ्या पाहुण्यांसाठी

रेंज नसली तरी फोनचा जीपीएस चालतो, कारण तो टॉवरवर नाही, उपग्रहांवर अवलंबून असतो. इंटरनेट नसताना मात्र जागा पकडायला त्याला काही मिनिटं लागू शकतात. दाट झाडीत किंवा व्हाळाच्या, म्हणजे ओढ्याच्या, खोल घळीत आकडे भरकटतात. गूगल मॅप्समध्ये निळ्या ठिपक्याभोवतीचं फिकट वर्तुळ मोठं दिसत असेल तर अजून थांबा, जमल्यास दोन पावलं मोकळ्यावर या.

आकडे घ्यायचे ते जखमी माणसाजवळ. हे आम्ही निघण्याआधी हमखास सांगतो, कारण रेंज शोधत सड्यावर, म्हणजे वरच्या पठारावर, चढलेला माणूस घाईत तिथलेच आकडे देतो आणि मदत सड्यावर पोचते. निळ्या ठिपक्यावर बोट दाबून ठेवलं की अक्षांश-रेखांश दिसतात. ते कागदावर उतरवा, मगच चढायला लागा. जखमीजवळ कुणीतरी थांबायलाच हवं.

आता खरी मेख. गूगल मॅप्स दशांशात आकडे देतं, आयफोनचं होकायंत्र अंश, मिनिटं, सेकंदांत. समजा तुमचे आकडे 15.4521, 74.1836 आहेत. फोनवर तुम्ही "पंधरा, पंचेचाळीस, एकवीस" म्हणालात आणि समोरच्याने 15 अंश 45 मिनिटं 21 सेकंद लिहिलं, तर जागा सुमारे 34 किलोमीटर उत्तरेला सरकते. रेखांशातही तोच घोळ झाला की ठिकाण थेट गोव्याच्या हद्दीबाहेर! म्हणून एकेक अंक सुटा म्हणा, "पॉइंट" स्पष्ट उच्चारा आणि समोरच्याकडून परत वाचून घ्या. दशांशानंतरचे चार अंक पुरेत, तेवढ्याने दहा-बारा मीटरपर्यंत जागा कळते.

112 ला फोन लागला की पहिलं वाक्य "गोवा, सत्तरी तालुका" हेच असू द्या. चोर्ला घाटाच्या बाजूला शेजारच्या राज्याचा टॉवर लागू शकतो आणि तुमचा फोन तिकडच्या केंद्रात जाऊ शकतो. तुमच्या सिमला रेंज नसली तरी 112 लावून बघा, दुसऱ्या कंपनीचं नेटवर्क मिळालं तर तो त्यावरून जातो.

बोलणं तुटत असेल तर आमच्या ऑफिसच्या नंबरावर साधा एसएमएस करा, पुढचं आम्ही कळवतो. कमी रेंजमध्ये तो अनेकदा निघून जातो. व्हॉट्सअ‍ॅपचं लोकेशन डेटाशिवाय जात नाही. मजकूर असा:

"गोवा, सत्तरी. जखमी इथे: 15.4521, 74.1836 (दशांश). पाय मोडला, शुद्धीवर. व्हाळाच्या डाव्या काठाला, वाट वरून सड्यावरून. मी सड्यावर आहे, बॅटरी 30 टक्के."

वाट कुठून, हे विसरू नका. नकाशावर दोनशे मीटर दिसणारं अंतर मधल्या कड्यामुळे दोन तासांचं होतं. एसएमएस गेल्यावर फोन बंद करू नका आणि रेंजची जागाही सोडू नका. पथकाला निघण्याआधी तुम्हाला काही विचारायचं असतंच.