आमदारांनी सभागृहात तुमचं नाव घेतलं, तर दाद कुठे मागायची?

समजा, कात्रजमध्ये तुमचा पाण्याच्या टँकरचा धंदा आहे. नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात एक आमदार उभे राहतात आणि तुमचं नाव घेऊन म्हणतात, ‘हा माणूस महापालिकेचं पाणी चोरून सोसायट्यांना विकतो.’ बाहेर आल्यावर विधान भवनाच्या पायऱ्यांवर ते टीव्हीवाल्यांना हेच सांगतात. आठवड्याभराने कात्रज चौकातल्या सभेत पुन्हा तेच. तुमच्या लेखी बदनामी तीनदा झाली. न्यायालयात मात्र पहिल्या वेळेची दाद मागता येत नाही, पुढच्या दोन वेळांची येते.

सभागृहातलं बोलणं: दावा लागत नाही

राज्यघटनेच्या कलम १९४(२) नुसार आमदार विधिमंडळात किंवा त्याच्या समितीत जे बोलतो, जे मत देतो, त्याबद्दल कोणत्याही न्यायालयात त्याच्यावर कारवाई होत नाही. खासदारांसाठी हेच कलम १०५(२) मध्ये आहे. आरोप खोटा होता, मुद्दाम केला होता, जुनं वैर होतं, यानेही फरक पडत नाही. १९६९ मध्ये लोकसभेत पुरीच्या शंकराचार्यांबद्दल काही सदस्य बोलले, तेव्हा त्यांच्या अनुयायांनी नुकसानभरपाईचा दावा लावला. १९७० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की सभागृहाच्या कामकाजात बोललं गेलं एवढं पुरेसं आहे, दावा चालणार नाही.

हे अन्यायाचं वाटतं, आणि तुमच्यापुरतं ते आहेही. पण उलटी बाजू बघा. हेच कलम नसतं तर खरोखरच्या पाणीचोराने, ज्याच्याकडे वकिलांची फौज आहे, आमदारावर चार तालुक्यांत चार दावे ठोकले असते. न्यायालयात टिकेल एवढा पुरावा हाती येईपर्यंत आमदाराला गप्प बसावं लागलं असतं, आणि सामान्य माणसाच्या तक्रारी बहुतेक वेळा तेवढ्या पुराव्यानिशी येतच नाहीत. म्हणून घटनेने न्यायालयाचा दरवाजा बंद केला आणि लगाम अध्यक्षांच्या हाती दिला. तो लगाम किती वेळा खेचला जातो, हा वेगळा विषय.

तुमच्या हातात इथे उरतो तो एक अर्ज. विधानसभेचे अध्यक्ष (विधान परिषद असेल तर सभापती) यांच्या नावे, विधानमंडळ सचिवालय, विधान भवन, मुंबई या पत्त्यावर साध्या कागदावर लिहा. अधिवेशनाची तारीख, कोणत्या चर्चेत नाव आलं, नेमके शब्द, आणि आरोप खोटा असल्याचे कागद: टँकर भरण्याच्या अधिकृत पावत्या, परवाना, पाणीपट्टी. मागणी एवढीच करायची की तो भाग कामकाजातून वगळावा. नेमके शब्द विधिमंडळाच्या छापील कार्यवाहीतून घ्या, बातमीतून नको. शब्द वगळणं पूर्णपणे अध्यक्षांच्या मर्जीवर आहे. ऑस्ट्रेलियाच्या सिनेटमध्ये १९८८ पासून अशा माणसाला आपलं उत्तर कामकाजात नोंदवून घेता येतं. आपल्याकडे घटनेने किंवा कायद्याने तसा हक्क दिलेला नाही. त्यामुळे अर्जाची प्रत दुसऱ्या एखाद्या आमदाराला देऊन, त्यांनी सभागृहात बाजू मांडावी अशी विनंती करणं जास्त उपयोगी पडतं.

इथे एक चूक महागात पडते. रागाच्या भरात सभागृहातल्या भाषणाबद्दल आमदाराला वकिली नोटीस पाठवू नका. दावा तर टिकत नाहीच, वर सदस्याला त्याच्या भाषणाबद्दल कोर्टात खेचण्याचा प्रयत्न हाच विशेषाधिकाराचा भंग मानून तुमच्यावर हक्कभंगाची सूचना येऊ शकते.

पायऱ्यांवरचं आणि चौकातलं: दावा लागतो

विधान भवनाच्या आवारात उभं राहून बोललं म्हणजे सभागृहात बोललं, असं होत नाही. कॅमेऱ्यापुढचं बोलणं कामकाजाचा भाग नसतं. पश्चिम बंगालच्या एका आमदाराने अध्यक्षांनी नाकारलेले आपले प्रश्न स्थानिक नियतकालिकात छापले होते. १९६१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना संरक्षण नाकारलं, कारण ते छापणं सभागृहाच्या अधिकाराने झालेलं नव्हतं.

इथे रस्ते दोन आहेत आणि दोन्ही एकत्र चालवता येतात. फौजदारी तक्रार भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ खाली होते, शिक्षा जास्तीत जास्त २ वर्षांची साधी कैद. ही तक्रार पोलीस चौकीत नाही, थेट न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे करायची. ती करायला पात्र कोण, तर ज्याची बदनामी झाली तो स्वतः. सभा कात्रजला झाली म्हणून तक्रार पुण्यात शिवाजीनगर न्यायालयात दाखल करता येते. तिथे खासदार-आमदारांच्या खटल्यांसाठी विशेष न्यायालयही आहे. मुदत ३ वर्षं. भरपाईचा दिवाणी दावा मात्र १ वर्षाच्या आत लावावा लागतो, आणि बहुतेकांची गाडी इथेच चुकते. अध्यक्षांच्या उत्तराची वाट बघण्यात वर्ष निघून जातं.

कागदपत्रांत सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे सभेचं मूळ चित्रीकरण. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरून आलेली, कापलेली क्लिप पुरत नाही. ज्या मोबाईलवर चित्रीकरण झालं तो जपून ठेवा, आणि भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार लागणारं प्रमाणपत्र वकिलांकडून तयार करून घ्या. त्याशिवाय सभेला हजर असलेल्या दोघा-तिघांची नावं, ओळखपत्र, आणि बदनामीने काय झालं ते दाखवणारे कागद, म्हणजे एखाद्या सोसायटीने टँकरचा करार मोडल्याचं पत्र असेल तर ते. तक्रारीचा आधार चौकातल्या भाषणावर ठेवा. सभागृहातलं वाक्य मुख्य आरोप म्हणून घातलंत तर समोरचा वकील पहिल्याच तारखेला १९४ पुढे करेल. चौकात ‘मी जे सभागृहात बोललो ते खरंच आहे’ एवढंच म्हणून आमदार निसटू पाहतात, तेव्हा प्रकरण किचकट होतं. आरोप पुन्हा शब्दांत उच्चारला असेल तर तुमची बाजू भक्कम असते.

बाकीच्यांचं काय

दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात आमदारांचं भाषण आलं, तर राज्यघटनेच्या कलम ३६१-अ खाली वर्तमानपत्राला संरक्षण आहे, मात्र वृत्तांत बऱ्याच अंशी खरा हवा आणि द्वेषाने छापलेला नसावा. अध्यक्षांनी वगळलेला भाग छापला तर वर्तमानपत्रावरच हक्कभंग येऊ शकतो. सोसायटीच्या ग्रुपवर ‘चोर पकडला’ अशी स्वतःची भर घालून क्लिप टाकणाऱ्याने मात्र हे कलम आपल्याला वाचवेल असं समजू नये.

पुण्यात हमखास होणारा गोंधळ नगरसेवकांचा. महापालिकेच्या मुख्य सभेला कलम १९४ लागू नाही. नगरसेवकाने तिथे तुम्हाला चोर म्हटलं तर तक्रार करता येते. त्याला बचाव मिळतो तो बदनामीच्या कायद्यातल्या अपवादांचा, म्हणजे सद्भावनेने, लोकहितासाठी बोललो असं त्याला दाखवावं लागतं.

आणि आमदारांचं संरक्षण बोलण्यापुरतं आणि मतापुरतं आहे. केरळमध्ये २०१५ च्या अर्थसंकल्पाच्या वेळी सभागृहात मोडतोड झाली, तो खटला चालवावा असं सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये सांगितलं. भाषणासाठी किंवा मतासाठी लाच घेतली तर १९९८ च्या निकालाने सुटका होत असे. तो निकाल ४ मार्च २०२४ रोजी सात न्यायाधीशांच्या घटनापीठाने रद्द केला. म्हणजे उद्या पुरावा मिळाला की दुसऱ्या टँकरवाल्याकडून पैसे घेऊन आमदारांनी सभागृहात तुमचं नाव घेतलं, तर भाषणाबद्दल नाही पण त्या पैशांबद्दल लाचलुचपत प्रतिबंधक विभागाकडे तक्रार देता येते. तिथे कलम १९४ आड येत नाही.