जितके कॉल, तितकी मेमरी?

"रिकर्शनमध्ये जितके कॉल होतात, तितकी मेमरी लागते ना?"

नाही. मोजायच्या त्या एका वेळी स्टॅकवर असलेल्या जास्तीत जास्त फ्रेम्स, म्हणजे अजून न संपलेल्या कॉल्सच्या नोंदी. `fact(5)` मध्ये शेवटचा कॉल सुरू होईपर्यंत आधीचे सगळे गुणाकारासाठी ताटकळतात, म्हणून कॉल आणि फ्रेम्स हे दोन्ही आकडे जुळतात. गैरसमजाचं मूळ बहुधा हेच. बायनरी सर्चला 10 लाख घटकांसाठीही विसेक फ्रेम्स पुरतात (दर वेळी ॲरेचा तुकडा कॉपी केलात, तर गोष्ट वेगळी).

खरी गंमत डीएफएसमध्ये, म्हणजे एक फांदी तळापर्यंत पाहून मगच दुसरीकडे वळण्यात. 1023 नोडचा पूर्ण भरलेला बायनरी ट्री घ्या. प्रत्येक नोडला एक कॉल, पण पातळ्या 10, म्हणून एका वेळी फ्रेम्सही 10च. डावी फांदी संपली की तिच्या फ्रेम्स निघून जातात आणि उजवी तीच जागा वापरते. तेच नोड एकाखाली एक लोंबले, तर खोली 1023. पायथनची मूळ मर्यादा 1000, त्यामुळे तिथे थेट `RecursionError`.