सहा जणांत तीन ओळखीचे नाहीतर तीन अनोळखी: हे कोडं आलं कुठून?

कुठलेही सहा जण घ्या, त्यात एकमेकांना ओळखणारे तिघं तरी सापडतात, नाहीतर एकमेकांना अजिबात न ओळखणारे तिघं तरी. पार्टीतलं कोडं म्हणून हे फेमस आहे पण याचं मूळ पार्टीत नाही, लॉजिकमध्ये आहे. केंब्रिजचा फ्रँक रॅम्झी लॉजिकची काही विधानं खरी की खोटी हे ठरवायची पक्की पद्धत शोधत होता आणि त्यासाठी त्याने वाटेत एक प्रमेय सिद्ध केलं, सहा जणांचं कोडं हे त्याचंच एक साधं रूप. तो पेपर १९३० मध्ये छापून आला आणि त्याच वर्षी जानेवारीत, वयाच्या २६व्या वर्षी रॅम्झी गेला, याचं खरंच वाईट वाटतं कारण आज त्याच्या नावाने गणिताची अख्खी शाखा चालते.

पुढे अर्देश आणि सेकेरेश या हंगेरीच्या तरुणांना भूमितीचा एक प्रश्न सोडवताना तीच गोष्ट परत सापडली, त्यांचा पेपर १९३५ चा. सहा जणांचं रूप मग १९४७ मध्ये हंगेरीच्या शाळकरी मुलांच्या कुर्शाक स्पर्धेत आलं आणि १९५३ मध्ये अमेरिकेच्या पुटनम परीक्षेत, तिथे माणसं नव्हती, सहा बिंदू आणि रंगवलेल्या रेषा होत्या.

रेषांमुळे सिद्धता अगदी सोपी होते. सहा बिंदू, प्रत्येक जोडीत एक रेषा, म्हणजे एकूण १५, ओळख असेल तर लाल, नसेल तर निळी. आता कुठलाही एक बिंदू अ धरा, त्याच्यातून पाच रेषा निघतात आणि रंग दोनच, म्हणजे किमान तीन रेषा एकाच रंगाच्या असणारच. समजा अ-ब, अ-क, अ-ड लाल आहेत. ब, क, ड यांच्यातली एक जरी रेषा लाल निघाली तरी अ सकट लाल त्रिकोण झाला, आणि एकही लाल नसेल तर ब-क-ड हाच निळा त्रिकोण. अ च्या तीन रेषा निळ्या असतील तर फक्त रंगांची अदलाबदल करायची.

पाच जणांत मात्र हे चुकतं. पंचकोनाच्या पाचही बाजू लाल आणि पाचही कर्ण निळे करा, एकाच रंगाचा त्रिकोण मिळतच नाही, म्हणून सहाच्या खाली जाता येत नाही.

१९५५ मध्ये ग्रीनवुड आणि ग्लीसन यांनी तिघांऐवजी चौघं मागितले तर किमान १८ माणसं लागतात हे दाखवलं. पाच जणांचा गट हवा असेल तर नेमका आकडा आजही कोणाला माहीत नाही, ४३ ते ४६ च्या मध्ये कुठेतरी आहे एवढंच कळलंय.