भरताच्या वांग्यात निकोटीन असतं, पण किती?

शेजारच्या काकांनी परवा विचारलं, "विम्याच्या तपासणीआधी वांग्याचं भरीत खाल्लं तर तंबाखू खातो असं निघेल का रे?" त्यांना व्हॉट्सॲपवर 'वांग्यात निकोटीन!' असा मेसेज आला होता.

मेसेज खोटा नाही. वांगी, टोमॅटो, बटाटा, मिरची आणि तंबाखू ही एकाच कुळातली झाडं. पण तंबाखूच्या वाळलेल्या पानात निकोटीन वजनाच्या १ ते ३ टक्के, म्हणजे एका ग्रॅमला साधारण २० मिलिग्रॅम असतं. १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोजणीत वांग्यात सर्वांत जास्त सापडलं, ते एका ग्रॅमला ०.१ मायक्रोग्रॅम. दोन लाख पटींचा फरक! पिकलेला टोमॅटो आणि बटाटा यांत तर त्याहूनही कमी. (हिरव्या पडलेल्या बटाट्याचं विष ते सोलॅनिन, त्याचा निकोटीनशी संबंध नाही.)

आता तपासणीकडे. प्रयोगशाळा सहसा निकोटीन नाही, कोटिनीन मोजते. निकोटीन रक्तात दोनेक तासांत निम्मं होतं, म्हणून काल ओढलेली सिगारेट आज सापडणं अवघड. यकृत मात्र त्यातल्या सत्तर-ऐंशी टक्के निकोटीनचं कोटिनीन करतं, आणि ते निम्मं व्हायला सोळा-सतरा तास लागतात. रोज सेवन असेल तर ते साचत जाऊन एका पातळीवर स्थिरावतं. त्या पातळीवरून रोजचं निकोटीन काढायचं ढोबळ सूत्र आहे: रक्ताच्या एका मिलिलिटरमध्ये जितके नॅनोग्रॅम कोटिनीन, त्याला ०.०८ ने गुणलं की रोजचे मिलिग्रॅम मिळतात. आपण उलटं करू, भागाकार करू.

काका रोज २०० ग्रॅम वांगं खातात असं धरा. म्हणजे २० मायक्रोग्रॅम, ०.०२ मिलिग्रॅम. भागिले ०.०८, उत्तर ०.२५ नॅनोग्रॅम. सिगारेट ओढणारा ओळखायची रक्तातली कडक मर्यादा ३ नॅनोग्रॅमच्या आसपास, जुनी १०-१५. रोज पाकीट संपवणाऱ्याच्या रक्तात शेकड्यांनी निघतं. नुसत्या ३ वर पोचायला काकांना रोज जवळजवळ अडीच किलो वांगी संपवावी लागतील, आणि हे सगळ्यांत जास्त आकडा धरून. नंतरच्या मोजण्यांत कितीतरी कमी आकडे आले आहेत.

त्यामुळे 'रोज वांगी खा, सिगारेटची तलफ जाईल' हा सल्लाही भंपक. एका सिगारेटमधून अंगात सुमारे एक मिलिग्रॅम जातं. त्यासाठी दहा किलो वांगी लागतील. शिवाय पोटातून आलेलं निकोटीन आधी यकृतात जातं, तिथेच बरंचसं संपतं.

भाजीचा हिशेब खरोखर धरावा लागतो तो संशोधकांना, दुसऱ्याच्या धुराचा अगदी अल्प परिणाम मोजताना. विम्याच्या चाचणीत ती अडचण नाही. तिथे सापडते ती मशेरी, कारण "मी तंबाखू खात नाही, फक्त दात घासतो" हे यकृताला कळत नाही.