मुलाखतीतला कट आधी कानाला कळतो

पुण्याच्या कसबा पेठेतल्या तांबट आळीत एका कारागिराची चाळीस मिनिटांची मुलाखत चित्रित केली आहे, आणि तिच्यातून चार मिनिटांचा माहितीपट करायचा आहे, असं धरू. बोलणारा माणूस अडखळतो, मधेच दुसरं काहीतरी सांगतो, तेच वाक्य पुन्हा बोलतो. नको तो भाग कापून दोन तुकडे जोडले की जोडावर त्याचं डोकं खटकन दोन बोटं सरकतं. हा जंप कट.

एवढीशी हालचाल डोळ्याला इतकी खुपते याला कारण आहे. आपल्याकडे टीव्हीच्या प्रथेप्रमाणे सेकंदाला २५ फ्रेम धरल्या, तर एक फ्रेम ४० मिलिसेकंदांची होते. लागोपाठच्या दोन चित्रांत फरक थोडा असेल तर मेंदू त्यांना एकाच वस्तूची हालचाल म्हणून जोडतो. सिनेमा दिसतो तोच याच्या जोरावर. पण डोकं ४० मिलिसेकंदांत दोन बोटं सरकतं ही हालचाल खऱ्या मानेला जमणारी नाही, म्हणून तो झटका वाटतो. चित्र पूर्ण बदललं, म्हणजे चेहऱ्याच्या जागी हात आणि हातोडा आला, तर मेंदू जोडायला जातच नाही; नवं दृश्य म्हणून ते स्वीकारतो. बोलणाऱ्याच्या चेहऱ्यावरून काही क्षण असा दुसराच शॉट टाकायचा, बोलणं मात्र खाली चालू ठेवायचं, याला कटअवे म्हणतात, आणि तो काम करतो तो यामुळे. कॅमेरा जेमतेम पाच अंशांनी हलवून किंवा चित्र दहा टक्के मोठं करून भागत नाही, तेही याच कारणाने. फरक अर्धवट राहिला की तो झटकाच दिसतो.

मात्र कटअवेने झाकलं जातं ते फक्त चित्र. आवाजातला सांधा तसाच उघडा राहतो. म्हणून आधी चित्राकडे न बघता, डोळे मिटून नुसता आवाज कापायचा. तो रेडिओवर चालेल इतका सरळ झाला, की मगच शॉट शोधायला घ्यायचे.

एक उतारा घेऊन बघू. कारागीर म्हणतो: ‘तांबं आधी भट्टीत लाल करायचं. मग ते… काल एक गिऱ्हाईक आलं होतं, त्यांना पण मी हेच सांगत होतो… मग ते पाण्यात बुडवायचं. मऊ होतं. आणि मग ठोकायला घ्यायचं.’ गिऱ्हाईक काढायचं हे उघड आहे. पण ‘मग ते’ दोनदा आहे, त्यातलं कुठलं ठेवायचं? पहिलं लांबलेलं आहे, सूर अधांतरी आहे, त्यापुढे ‘पाण्यात’ आलं तर वाक्य ओढून आणल्यासारखं वाटतं. म्हणून दुसरं. त्याआधी माणसाने श्वास घेतला असेल तर तो श्वासही ठेवायचा; श्वासाशिवाय सुरू होणारं वाक्य ऐकणाऱ्याला नेमकं का खटकलं ते सांगता येत नाही, पण खटकतं. समजा श्वास मिळत नाही आणि ‘मग’वर सांधा जुळत नाही, कारण ‘म’चा गुणगुणता आवाज आधीच्या स्वरात मिसळलेला आहे. अशा वेळी ‘पाण्यात’मधला ‘प’ उपयोगी पडतो. ‘प’, ‘त’, ‘क’ उच्चारताना हवेची वाट तोंडात क्षणभर बंद होते, आवाज फुटायच्या आधी एकदोन फ्रेमची शांतता असते. कात्री तिथे चालवली की सांधा ऐकू येत नाही. सांध्यावर ‘टिक्’ असा आवाज आला तर ध्वनिलहर मधेच तुटून दुसऱ्याच उंचीवर सुरू झाली आहे असं समजावं. एकदोन फ्रेमचा क्रॉसफेड, म्हणजे पहिला तुकडा विरत असतानाच दुसरा चढवणं, तो घालवतो.

तांबट आळीत याहून मोठी अडचण पाठीमागे असते. शेजारच्या दुकानांत मठारकाम, म्हणजे भांड्यावर हातोडीने ठोके देणं, चालू असतं आणि हातोड्यांना ठेका असतो. मुलाखतीतून नऊ सेकंद काढले की ठेका चुकतो: ठण्, ठण्, ठठण्. बोलणं निर्दोष जुळलेलं असूनही कट झाल्याचं कळतं. शक्य असेल तर हातोडे थांबलेले असताना मुलाखत घ्यावी, हा खरा उपाय. जमलं नाही, तर त्याच जागी, त्याच माइकवर, कोणी न बोलता मिनिटभराचा नुसता आजूबाजूचा आवाज घेऊन ठेवायचा. तो वेगळ्या ट्रॅकवर सांध्याखालून सलग सोडला की मोडलेला ठेका त्यात बराचसा बुडतो. कधी सांध्यावर ठोकण्याचाच कटअवे, त्याच्या आवाजासकट, टाकला तर जास्त बरं. समोर हातोडा दिसत असताना एखादा घाव जास्त पडला याचा कोणी हिशोब ठेवत नाही.

आता चित्र. ‘लाल करायचं’ इथे वाक्य संपतं आणि लगेच कट आहे. कटअवे बरोबर कटवर सुरू केला तर तो ठिगळासारखा दिसतो, बघणाऱ्याला वाटतं की इथे काहीतरी लपवलंय. त्याऐवजी ‘भट्टीत’ या शब्दावरच भट्टीचा शॉट सुरू करावा. ‘लाल’ ऐकू येईपर्यंत तापलेलं तांबं डोळ्यांसमोर असतं. तो सुमारे दोन सेकंद चालून सांध्यावरून पुढे जातो. मग तांबं पाण्यात जातानाचा शॉट, तीन सेकंद. ‘मऊ होतं’ त्यावरच ऐकू येतं. ‘आणि मग ठोकायला’च्या पाचसहा फ्रेम आधी चेहऱ्यावर परत यायचं, म्हणजे ओठ उघडताना दिसतात. तोवर पाच सेकंद गेलेले असतात आणि मघाशी डोकं कुठे होतं हे कोणाच्या लक्षात राहिलेलं नसतं.

कटअवेखाली वेळ ताणताही येतो, ही सोय बरेच जण वापरत नाहीत. ‘बुडवायचं’ आणि ‘मऊ होतं’ यांच्यात पंधरा-वीस फ्रेमची जागा करून तिथे तोच आजूबाजूचा आवाज भरला, की पाण्याची चर्र तेवढ्यात मोकळी ऐकू येते. ती बोलण्यावर आली तर दोन्ही वाया जातात.

कटअवे फसतात ते बहुतेक चित्रीकरणातच. चार मिनिटांपैकी निम्मा वेळ झाकायचा म्हटलं तरी तीन-चार सेकंदांचे तीस-चाळीस शॉट लागतात. प्रत्येक शॉट दहा सेकंद स्थिर धरलेला हवा, आणि कृतीची सुरुवात व शेवट दोन्ही त्यात यायला हवेत. कारागीर कामाच्या शॉटमध्ये कोणाशी तरी बोलत असेल तर तो शॉट मुलाखतीवर टाकता येत नाही. ओठ एक बोलतात आणि ऐकू दुसरंच येतं. भिंतीवरच्या देवाच्या तसबिरी, घड्याळ, रस्त्यावरची रहदारी हे शॉट कुठेही चालतात, आणि म्हणूनच ते कमीत कमी वापरावेत.

एका जागी मात्र कटअवेचा मोह टाळायचा. मराठीत नकार वाक्याच्या शेपटीला येतो. ‘मशीनची भांडी वाईट असतात असं मी म्हणणार नाही’ हे वाक्य ‘असतात’वर तोडलं की अर्थ नेमका उलटा होतो. चेहरा दिसत असताना असं तोडणं सहसा पचत नाही, कारण सूर वरच राहतो आणि तोंड पुढच्या शब्दासाठी उघडलेलं दिसतं. पण त्याच जागी हातोड्याचा एक दणकट घाव, आवाजासकट, टाकला तर सूरही झाकला जातो आणि तोंडही. बघणाऱ्याला शंका यायला काहीच उरत नाही. म्हणून मताची वाक्यं ‘नाही’पर्यंत अखंड, चेहऱ्यावर ठेवायची, आणि भट्टी, पाणी, हातोडा कामाच्या वर्णनासाठी राखून ठेवायचे.